पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या गरोदर भगिनी आणि त्यांच्या घरचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आपल्याकडे रिपोर्ट इंग्रजीत छापला जातो, तायी कार्डावरच्या नोंदी कन्नडमध्ये असतात आणि घरातली चर्चा मराठीत होते. त्यामुळे एकच वाक्य घरी पोहोचेपर्यंत पुष्कळदा अधिक भीतीदायक झालेले असते. येथील उत्तरे मुख्यतः 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या स्कॅनविषयी आहेत. या स्कॅनला कोणी अनॉमली स्कॅन म्हणतात, कोणी टिफा. तुमचा रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेला असणे आवश्यकच आहे; हे पान त्यांचे बोलणे नीट समजावे यासाठी आहे.

1. रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत 'एसएलआययूएफ' असे लिहिले आहे. हा काही आजार आहे का?

नाही. गर्भाशयाच्या आत एकच बाळ आहे आणि ते जिवंत आहे, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ आहे. त्याच्या आसपास बाळाच्या हृदयाचे ठोके लिहिलेले असतात. ते मिनिटाला 110 ते 160 असणे नेहमीचे आहे. मोठ्या माणसाच्या मानाने हा आकडा जास्त वाटतो, म्हणून 'बाळाची छाती धडधडते आहे' अशी समजूत होते, पण बाळाचे हृदय या गतीनेच चालते. पाचव्या महिन्यात बाळाच्या स्थितीपुढे 'व्हेरिएबल' किंवा 'ब्रीच' लिहिलेले असले तरी चिंता करू नये. या वेळी बाळाला फिरायला भरपूर जागा असते आणि सकाळी पायाळू असलेले बाळ संध्याकाळी डोके खाली करून बसलेले असू शकते.

2. पाळीच्या तारखेनुसार मला 20 आठवडे झाले आहेत, पण रिपोर्टमध्ये बाळ 18 आठवड्यांचे आहे. बाळाची वाढ थांबली आहे का?

बहुतेक वेळा वाढ थांबलेली नसते, तर मोजणीची सुरुवात चुकीच्या दिवसापासून झालेली असते. हे एका उदाहरणाने पाहू.

खानापूर तालुक्यातील एका पहिलटकरणीची शेवटची पाळी 5 जानेवारीला आली असे धरू. पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. येथे ती 12 ऑक्टोबर येते. ही मोजणी असे गृहीत धरते की पाळी दर 28 दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज बाहेर पडते. परंतु हिची पाळी 37-38 दिवसांनी येत होती, म्हणजे बीजच नऊ-दहा दिवस उशिरा बाहेर पडले आणि गर्भही तेवढाच उशिरा राहिला.

तिचा पहिला स्कॅन 8 मार्चला झाला. पाळीनुसार त्या दिवशी 8 आठवडे 6 दिवस भरत होते, पण बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, जिला रिपोर्टमध्ये 'सीआरएल' म्हणतात, ती 7 आठवडे 4 दिवसांची भरली. फरक नऊ दिवसांचा झाला. इतक्या सुरुवातीच्या काळात सगळी बाळे जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात, म्हणून ही लांबी वय सांगण्यासाठी सर्वात भरवशाची असते. नऊ आठवड्यांच्या आतल्या स्कॅनमध्ये पाच दिवसांहून जास्त, आणि नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सात दिवसांहून जास्त फरक आला, तर तारीख बदलावी असा संकेत आहे. त्यानुसार हिची तारीख 21 ऑक्टोबर ठरली.

पुढे 26 मे रोजी पाचव्या महिन्याचा स्कॅन झाला आणि बाळ 18 आठवडे 4 दिवसांचे भरले. पाळीची तारीख धरली तर त्या दिवशी 20 आठवडे 1 दिवस व्हायला हवेत, म्हणजे बाळ अकरा दिवसांनी मागे दिसते आणि घरात रडारड सुरू होते. पहिल्या स्कॅनची तारीख धरली तर मात्र त्या दिवशी 18 आठवडे 6 दिवसच होतात. फरक उरतो दोन दिवसांचा, आणि तो मोजमापाच्या नेहमीच्या चुकीतच बसतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पहिल्या स्कॅनमध्ये वय पाळीच्या तारखेशी जुळले होते आणि नंतर बाळ दोन आठवडे मागे पडले, तर ते 'तारीख चुकली असेल' म्हणून सोडून देता येत नाही. त्याचा तपास करावाच लागतो. त्यामुळे पहिला स्कॅन लवकर, शक्यतो तिसरा महिना संपण्याच्या आत करून घ्यावा.

3. माझ्याकडच्या तीन रिपोर्टांवर प्रसूतीच्या तीन वेगळ्या तारखा आहेत. खरी कोणती?

पहिल्या स्कॅननंतर डॉक्टरांनी ठरवलेली तारीख खरी मानायची आणि ती पुन्हा बदलायची नाही. प्रत्येक स्कॅनच्या वेळी मशीन त्या दिवशीच्या मापांवरून नवी तारीख आपोआप छापते. ती मशीनची आकडेमोड असते, डॉक्टरांचा निर्णय नव्हे. महिने जसे वाढतात तशी बाळे आपापल्या बांध्याप्रमाणे लहान-मोठी होत जातात, म्हणून नवव्या महिन्यातील मशीनची तारीख दोन-तीन आठवडेसुद्धा इकडेतिकडे असू शकते. ठरलेली तारीख तायी कार्डावर ठळक लिहून घ्यावी. ती कशी ठरते हे प्रश्न 2 मध्ये आहे.

4. बीपीडी, एचसी, एसी, एफएल या आकड्यांतला एक आकडा बाकीच्यांपेक्षा कमी आहे. काय समजावे?

बीपीडी म्हणजे बाळाच्या डोक्याची रुंदी, एचसी म्हणजे डोक्याचा घेर, एसी म्हणजे पोटाचा घेर आणि एफएल म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. प्रत्येक आकड्यासमोर मशीन तितक्या मापाचे सरासरी वय छापते. चारही वये तंतोतंत सारखी येणे हाच अपवाद म्हणायला हवा. तीन-चार दिवसांचा, कधी आठवड्याचा फरक रोजचाच आहे. पडद्यावर हाडाच्या दोन टोकांना दोन लहान फुल्या ठेवून माप घेतले जाते, आणि फुली एक मिलिमीटर इकडे सरकली तरी वय दोन-तीन दिवसांनी बदलते.

एकटी बीपीडी कमी असण्याचे एक साधे कारण नेहमी दिसते. काही बाळांचे डोके, विशेषतः पायाळू बसलेल्या बाळांचे, थोडे लांबट असते. लांबट डोक्याची रुंदी कमी भरते, पण घेर बरोबर येतो. म्हणून बीपीडी कमी वाटली तर लगेच शेजारी एचसी पाहावी. ती ठीक असेल तर बहुधा डोक्याचा आकार तेवढा लांबट आहे.

याच मापांवरून बाळाचे अंदाजे वजन काढलेले असते. वरच्या उदाहरणातील बाळाचे वजन साधारण 245 ग्रॅम येईल. हा अंदाज शंभराला दहा ते पंधरा इतका चुकू शकतो, तेव्हा शेजारणीच्या रिपोर्टशी वजनाची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

5. 'प्लॅसेंटा लो लाइंग' लिहिले आहे, म्हणजे वार खाली आहे. सिझेरियनच होणार का?

पाचव्या महिन्यात असे लिहिलेले असेल तर बहुतेक जणींच्या बाबतीत उत्तर 'नाही' असे आहे, आणि या पानावरचा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच आहे.

वार गर्भाशयाच्या ज्या भागाला चिकटते तेथेच ती राहते. तिची खालची कड गर्भाशयाच्या तोंडाच्या आतल्या बाजूपासून किती अंतरावर आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. हे अंतर 20 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, पण वार तोंडावर आलेली नसेल, तर 'लो लाइंग' लिहितात. वार तोंड झाकत असेल तर 'प्लॅसेंटा प्रिव्हिया' लिहितात. हे दोन शब्द एकच समजू नयेत आणि अंतर लिहिलेले नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबतो. अर्धवट फुगवलेल्या फुग्याच्या तोंडाजवळ शाईची खूण केली आणि फुगा आणखी फुगवला, तर खूण जागीच राहूनही तोंडापासून दूर गेलेली दिसते. वारेचे तसेच होते. पाचव्या महिन्यात खाली दिसलेल्या दहांपैकी नऊ जणींची वार प्रसूतीच्या वेळेपर्यंत पुरेशी वर गेलेली असते.

प्रश्न 2 मधल्या भगिनीच्याच रिपोर्टमध्ये वार मागच्या बाजूला आणि तोंडापासून 12 मिलिमीटरवर होती असे समजू. तिला आता करायचे एवढेच: 32 आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी, पुन्हा स्कॅन. त्या वेळी अंतर 34 मिलिमीटर भरले तर विषय संपला. वारेच्या कारणाने सिझेरियन करण्याची गरज उरत नाही. अंतर अजूनही 20 च्या आत असेल तर 36 आठवड्यांना शेवटचे माप घेतात. तेव्हा कड 20 मिलिमीटरच्या पलीकडे असली तर नेहमीची प्रसूती, 10 ते 20 च्या दरम्यान असली तर रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात प्रयत्न करता येईल का यावर चर्चा, आणि वार तोंडावरच असली तर साधारण 36 ते 37 आठवड्यांच्या सुमारास ठरवून सिझेरियन, असा क्रम असतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लघवीची पिशवी गच्च भरलेली असताना ती गर्भाशयाच्या खालच्या भागावर दाबते आणि वार आहे त्यापेक्षा खाली दिसते. शंका असली की लघवी करून येण्यास सांगतात आणि मग योनीमार्गातून स्कॅन करतात. वार खाली असताना हा स्कॅन कसा करायचा, अशी भीती अनेकींना वाटते. पण तो सुरक्षित आहे आणि अंतर त्यानेच सर्वात अचूक कळते.

6. एसटीने प्रवास केला, पाण्याची घागर उचलली, म्हणून वार खाली घसरली असे सासूबाई म्हणतात. खरे आहे का?

नाही. वार घसरत नाही. गर्भ रुजतो त्या वेळीच तिची जागा ठरते आणि खड्ड्यांचा रस्ता, जिने, घागर किंवा बसण्याची पद्धत यांचा त्या जागेशी संबंध नसतो. पूर्वीचे सिझेरियन, गर्भाशय साफ केलेले असणे, जुळे, वाढलेले वय आणि धूम्रपान यांमुळे वार खाली रुजण्याची शक्यता वाढते, पण यांपैकी काहीही नसतानाही ती खाली असू शकते. यात त्या मुलीचा कसलाही दोष नाही, हे घरातल्या मोठ्यांनी कृपया लक्षात घ्यावे.

7. वार खाली असताना पूर्ण झोपून राहावे का? कोणत्या गोष्टी टाळाव्यात?

रक्तस्राव नसेल तर घरातली हलकी कामे आणि चालणे बंद करण्याची गरज नाही. दिवसभर अंथरुणात पडून राहिल्याने वार वर जात नाही; उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जड ओझी आणि शरीरसंबंध यांविषयी डॉक्टर तुमचे अंतर पाहून सांगतील. वार तोंडावर असेल किंवा रक्त गेले असेल तर शरीरसंबंध टाळावेच.

लक्ष ठेवायचे ते रक्तस्रावावर. वारेमुळे होणारा स्राव लालभडक असतो आणि बहुधा पोटात दुखत नाही, म्हणूनच 'दुखत तर नाही, उद्या बघू' असे होते. तसे करू नये. थोडेसे रक्त दिसले तरी त्याच दिवशी, आणि जास्त जात असेल तर तत्काळ 108 ला फोन करून, शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वार खाली आहे हे तेथे पोहोचताच सांगावे, कारण वारेची जागा निश्चित कळेपर्यंत अशा वेळी बोटांनी आतून तपासणी करायची नसते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगावे. वेगळे इंजेक्शन द्यावे लागते.

कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी माझे स्पष्ट मत असे आहे की 32 आठवड्यांनंतरही वार तोंडावर असेल, तर शेवटचे काही आठवडे बेळगावात किंवा खानापुरात नातेवाइकांकडे काढावेत. पावसाळ्यात त्या रस्त्याने रात्री निघायची वेळ येऊ देऊ नये.

8. वार 'पोस्टेरियर' असली की मुलगा, 'अँटेरियर' असली की मुलगी, असे म्हणतात. ग्रेडवरूनही कळते का?

यांपैकी कशावरूनही काही कळत नाही. पोस्टेरियर म्हणजे वार मागच्या भिंतीला आणि अँटेरियर म्हणजे पुढच्या भिंतीला आहे. पुढे असली तर बाळाचे हलणे थोडे उशिरा आणि मऊ जाणवते, इतकाच फरक. ग्रेड म्हणजे वार किती जुनी झालेली दिसते याचे वर्णन. पाचव्या महिन्यात ती शून्य किंवा एक असते. लिंग सांगणे आणि विचारणे, दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच लिंग पाहिले वा सांगितले नाही, असे निवेदन डॉक्टर सहीनिशी देतात.

9. माझे आधी सिझेरियन झाले आहे आणि आता वार पुढच्या बाजूला खाली आहे. प्रश्न 5 चे उत्तर मला लागू आहे का?

अंशतः लागू आहे, पण तुम्ही अधिक सावध राहायला हवे. सिझेरियनचा जुना व्रण गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर, खालच्या बाजूस असतो. वार नेमकी त्या व्रणावर रुजली तर ती भिंतीत खोलवर घुसू शकते आणि प्रसूतीनंतर सहज सुटत नाही. त्याला 'अ‍ॅक्रीटा' म्हणतात. वार खाली असलेल्या प्रत्येकीला असे होत नाही. परंतु आधी कळले तर तयारी करता येते आणि आयत्या वेळी कळले तर रक्तस्राव फार होतो. म्हणून आधीच्या सिझेरियनची माहिती स्कॅनपूर्वीच सांगावी, वार व्रणावर आहे का असे स्पष्ट विचारावे, आणि शंका आली तर प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवावी.

10. 'लायकर अ‍ॅडिक्वेट' म्हणजे काय? पाणी कमी तर नाही ना?

बाळाभोवतीचे पाणी पुरेसे आहे, असा त्याचा अर्थ आहे. आकडा दिला असेल तर चार ठिकाणच्या मापांची बेरीज, म्हणजे एएफआय, साधारण 5 ते 25 सेंटिमीटर चालते. एकाच सर्वात खोल जागेचे माप दिले असेल तर 2 ते 8 सेंटिमीटर. एका स्कॅनमध्ये 14 आणि पुढच्यात 11 आले म्हणजे पाणी आटले असे नव्हे. मात्र योनीतून पातळ पाणी सतत गळत असेल तर रिपोर्ट काहीही म्हणो, रुग्णालयात जावे.

11. बाळाच्या मानेला नाळेचा एक वेढा आहे असे लिहिले आहे. बाळ गुदमरेल का?

बाळ पोटात नाकातोंडाने श्वास घेत नाही, त्यामुळे मानेभोवतीच्या वेढ्याने त्याचा गळा आवळला जाण्याचा प्रश्न येत नाही. त्याला प्राणवायू नाळेतूनच मिळतो, आणि नाळेतील रक्तवाहिन्यांभोवती चिकट, लवचिक आवरण असल्याने सैल वेढ्याने त्या सहसा दबत नाहीत. जन्माच्या वेळी चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेला वेढा असतो आणि प्रसूती करणारी व्यक्ती तो बहुधा अलगद सोडवते. पाचव्या महिन्यातला वेढा तर बाळ फिरले की निघूनही जातो. केवळ या कारणासाठी सिझेरियन मागू नये. कळा सुरू असताना बाळाचे ठोके नीट पाहणे पुरेसे असते. सातव्या महिन्यानंतर बाळाचे हलणे नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी वाटले, तर वेढा असो वा नसो, त्याच दिवशी दाखवावे.

12. बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका, 'ईआयएफ', दिसला आहे. हृदयाला छिद्र आहे का?

नाही. हृदयातील एका छोट्या स्नायूचा भाग पडद्यावर हाडाइतका चकचकीत दिसतो, तो हा ठिपका. शंभर निरोगी बाळांपैकी तीन ते पाच जणांत तो आढळतो आणि हृदयाच्या कामाशी त्याचा संबंध नसतो. त्याची नोंद करण्याचे कारण वेगळे आहे: डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो थोडा अधिक वेळा दिसतो. म्हणून अशा ठिपक्याला 'सॉफ्ट मार्कर' म्हणतात. हा दोष नव्हे, केवळ शक्यतेचा एक हलका इशारा आहे.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुमची रक्ताची चाळणी चाचणी झाली असेल, तिचा निष्कर्ष 'लो रिस्क' असेल आणि स्कॅनमध्ये दुसरे काही आढळले नसेल, तर पुढे काहीही करावे लागत नाही. चाचणी झालेलीच नसेल तर ती आता करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एकाहून अधिक मार्कर असतील, तर मात्र जनुकीय सल्ला घेणे योग्य.

13. 'बाळाच्या स्थितीमुळे नीट दिसले नाही, पुन्हा स्कॅन करावा' असे लिहिले आहे. काही लपवत आहेत का?

लपवत नाहीत. बाळ पाठ करून बसले असेल तर चेहरा आणि हृदय दिसत नाही. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तरी चित्र धूसर येते. अर्धवट पाहून 'ठीक आहे' लिहिण्यापेक्षा पुन्हा बोलावणारे डॉक्टर अधिक प्रामाणिक आहेत. मात्र आठवडाभरात जावे, महिनाभर लांबवू नये.

याच्याच उलट बाजूचाही प्रश्न येतो: सगळे 'नॉर्मल' लिहिले म्हणजे बाळ शंभर टक्के निर्दोष आहे का? तसे नाही. हृदयातली लहान छिद्रे, ऐकू येणे, दृष्टी, बुद्धी यांविषयी हा स्कॅन काही सांगू शकत नाही, आणि काही दोष शेवटच्या महिन्यांतच दिसू लागतात.

14. सातव्या महिन्यात मी चंदगडला माहेरी जाणार आहे. तिथे कोणते रिपोर्ट न्यावेत?

सर्वात शेवटचा रिपोर्ट सगळ्याच जणी नेतात आणि पहिला घरी विसरतात. प्रत्यक्षात तारखेसाठी पहिलाच लागतो. तो, पाचव्या महिन्याचा रिपोर्ट, रक्तगटाचा कागद आणि तायी कार्ड एवढे बरोबर असावे. तायी कार्डावरील कन्नड नोंदी महाराष्ट्रातील दवाखान्यात वाचता येतीलच असे नाही, म्हणून ठरलेली तारीख, वारेचे अंतर आणि पुढच्या स्कॅनचा आठवडा या तीन गोष्टी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्याव्यात. चकचकीत कागदावरच्या स्कॅनच्या फोटोंना लॅमिनेशन करू नये; उष्णतेने तो कागद काळा पडतो. मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ कागद फाइलमध्ये सपाट ठेवावेत.